तातडीची खुर्ची एकच: पाच जणांच्या सपोर्ट टीमसाठी स्क्रम की कानबान

प्रश्न: आमची पाच जणांची सपोर्ट टीम आहे. रोज किती आणि कसल्या रिक्वेस्ट येतील ते सकाळी कुणालाच सांगता येत नाही. कंपनीतल्या बाकीच्या टीम स्क्रम करतात म्हणून मॅनेजरनी आम्हालाही दोन आठवड्यांचे स्प्रिंट लावले, म्हणजे पहिल्या सोमवारी कामांची यादी ठरवायची आणि दोन आठवड्यांत ती संपवायची. तीन स्प्रिंट झाले, तिन्ही वेळा निम्मं काम पुढे ढकललं गेलं. कानबान घ्यावं का? घेतलं तर नेमकं काय बदलायचं?

उत्तर: कानबान घ्या, म्हणजे दोन आठवड्यांची यादी आधी बांधायची नाही, हातातल्या कामाला मर्यादा घालायची आणि जागा झाली की पुढचं उचलायचं. पण मॅनेजरकडे जाण्याआधी एक मोजणी करून ठेवा. तिला अर्धा तास लागतो आणि पुढचा निम्मा वाद तिथेच मिटतो.

मागच्या स्प्रिंटमध्ये बंद झालेली सगळी तिकिटं काढा. प्रत्येकासमोर एवढंच लिहा: हे तिकीट प्लॅनिंगच्या दिवशी यादीत होतं, की नंतर आलं? मी एका पगार-सॉफ्टवेअरच्या सपोर्ट टीममध्ये होते तेव्हा हे केलं होतं. ग्राहक म्हणजे चाकण-भोसरीकडचे छोटे-मध्यम कारखाने, आम्ही पाच जण, स्प्रिंट दोन आठवड्यांचा. सोमवारी आम्ही ४२ तिकिटं घेतली होती. दहा कामाच्या दिवसांत बंद झाली ८१. त्यातली मूळ यादीतली फक्त १९, उरलेली ६२ नंतर आलेली. रिपोर्टमध्ये दिसत होतं की टीमने ४२ पैकी १९ केली, म्हणजे निम्म्याहून कमी. खरं तर टीम रोज आठ तिकिटं बंद करत होती आणि संध्याकाळी सात वाजेपर्यंत मान वर काढत नव्हती. चुकत होती ती यादी.

नंतर आलेल्या कामाचा वाटा पाचात एक इतका असेल तर स्क्रम चालतो. थोडी जागा मोकळी ठेवायची आणि पुढे जायचं. वाटा निम्म्यावर गेला की सोमवारची यादी कागदावरच राहते. आमचा वाटा तीन-चतुर्थांश होता. तुमचा अंदाजे किती असेल ते तुमच्या प्रश्नातच दिसतंय, तरी आकडा काढाच. मॅनेजरसमोर तोच बोलतो.

यात स्क्रमवर अन्याय नको. यादी गोठवा असं स्क्रम कुठेच सांगत नाही. स्क्रमच्या २०२० च्या मार्गदर्शिकेत स्प्रिंटच्या मधे काम कमी-जास्त करायला मुभा आहे. धक्का लावायचा नाही तो स्प्रिंटच्या ध्येयाला. अडचण इथे आहे की सपोर्ट टीमला असं ध्येय नसतंच. ‘आलेली तिकिटं बंद करणे’ हे ध्येय नव्हे, ती नोकरी झाली. एकाला पीएफची फाईल चढत नाही, दुसऱ्याला पासवर्ड हवाय, तिसऱ्याची रजा चुकीची मोजली गेली. या तिघांना बांधणारं एक वाक्य सापडत नाही. मग प्लॅनिंगच्या मीटिंगमध्ये ओढूनताणून काहीतरी लिहिलं जातं आणि मंगळवारी ते कुणाच्या लक्षातही नसतं. आमच्याकडे दर स्प्रिंटला ही मीटिंग दोन तास चालायची. पाच माणसं, म्हणजे दहा माणूस-तास. त्यात ज्या तिकिटांना स्टोरी पॉइंट, म्हणजे काम किती मोठं याचा अंदाजी आकडा, दिले त्यातली निम्मी पुढच्या स्प्रिंटला परत पॉइंट घ्यायला हजर.

सपोर्टच्या कामात अंदाज बांधण्याचा खर्च किती होतो याचं एक नोंदलेलं उदाहरण आहे, आणि ते आपल्याकडचंच आहे. २००४ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या अंतर्गत वापराच्या सॉफ्टवेअरमध्ये छोटे बदल करून देणारी एक टीम हैदराबादेत होती. रिक्वेस्ट आल्यापासून काम हातात पडायला सरासरी पाच महिने लागायचे. नियम असा होता की नवी रिक्वेस्ट आली की ४८ तासांत तिचा अंदाज द्यायचा. त्यासाठी हातातलं काम बाजूला ठेवून डेव्हलपर आणि टेस्टर बसायचे, आणि अंदाज दिलेल्या कितीतरी रिक्वेस्ट पुढे कधी होतच नव्हत्या. त्या टीमच्या व्यवस्थापकाने, पुढे सॉफ्टवेअरसाठी कानबान पद्धत मांडणारे डेव्हिड अँडरसन यांच्या मदतीने, अंदाज देणं बंद केलं, एका वेळी हातात किती काम असेल त्याला मर्यादा घातली, आणि पुढे कोणतं काम उचलायचं ते जागा रिकामी होईल तेव्हाच ठरवायला सुरुवात केली. सुरुवातीला एकही माणूस वाढवलं नव्हतं. प्रतीक्षा महिन्यांवरून आठवड्यांवर आली. सॉफ्टवेअरमधल्या कानबानची सुरुवात सांगताना याच टीमचा दाखला देतात. म्हणजे ही पद्धत जन्मली तीच तुमच्यासारख्या टीममध्ये.

आता काय बदलायचं ते. बोर्डवर चिठ्ठ्या लावणं म्हणजे कानबान नाही, तेवढं तुम्ही आत्ताही करत असाल. फरक पडतो तो हातातल्या कामाच्या मर्यादेने, ज्याला डब्ल्यूआयपी लिमिट म्हणतात. ‘काम चालू’ या रकान्यावर एक आकडा लिहायचा आणि तेवढी तिकिटं झाली की नवीन उचलायचं नाही. एखादं संपलं की जागा होते, मग रांगेतलं पुढचं घ्यायचं. टोयोटाच्या कारखान्यातलं कानबान कार्ड हेच सांगायचं: पुढच्या टप्प्यावर माल खपला, आता मागच्याने बनवा.

आमच्याकडे पहिल्या दिवशी मोजलं तेव्हा ‘काम चालू’मध्ये ३४ तिकिटं होती. माणसं पाच. म्हणजे प्रत्येकाच्या नावावर सहा-सात उघडी. यात आळस कुणाचाच नव्हता. ग्राहकाचा फोन आला की ‘बघते हं’ म्हणायचं, तिकीट आपल्या नावावर घ्यायचं, दहा मिनिटं बघायचं, तेवढ्यात दुसरा फोन. ग्राहकाला बरं वाटतं की काम सुरू झालं. खरं तर तिकीट एका रांगेतून उठून दुसऱ्या रांगेत बसलेलं असतं, आणि ही दुसरी रांग कुणाला दिसत नाही.

आकडा किती ठेवायचा? थेट पाचवर जाऊ नका. आम्ही आधी १५ वर आणला, तीन आठवड्यांनी १० वर: ‘काम चालू’मध्ये सात आणि ‘तपासणी’त तीन. पाच माणसांना सात एवढ्यासाठी की एखादं तिकीट डेटाबेसवाल्यांच्या उत्तराशिवाय तासभर अडतं आणि त्या वेळात रिकामं बसणं शक्य नसतं. मर्यादा मात्र रकान्याला लावा, माणसाला नको. ‘प्रत्येकी दोन’ असा नियम केला की प्रत्येक जण आपली दोन सांभाळतो आणि शेजारी अडला तरी बघत नाही. रकाना भरलेला असेल आणि माझ्या हातात काही नसेल, तर मला एकच वाट उरते: कुणाच्या तरी अडलेल्या तिकिटावर जाऊन बसणे. पहिले काही दिवस हे फार विचित्र वाटतं. आमच्यातली सगळ्यात नवी मुलगी म्हणाली होती, ‘रांगेत वीस जण उभे आहेत आणि मी नवीन घ्यायचं नाही?’ नाही घ्यायचं. अनुभवी माणसाच्या शेजारी बसून तिने त्या महिन्यात बँक-फाईलची जी गुंतागुंत शिकून घेतली, ती एरवी शिकायला तिला वर्ष गेलं असतं.

इथे एक गणित समजून घ्या, म्हणजे वरच्यांना काय कबूल करायचं आणि काय नाही हे कळेल. रांगांच्या शास्त्रात लिटलचा नियम म्हणून एक साधा संबंध आहे. जॉन लिटल यांनी १९६१ साली तो सिद्ध केला:

```
सरासरी वेळ = सरासरी हातातलं काम ÷ रोज बंद होणारं काम
```

आमची ३४ तिकिटं उघडी, रोज आठ बंद. ३४ भागिले ८, म्हणजे एक तिकीट उघडल्यापासून बंद व्हायला सरासरी सव्वाचार दिवस. मर्यादा १० केली, तेव्हा रोज बंद होणारी साधारण नऊवर गेली होती, कारण तेच ईमेल तिसऱ्यांदा वाचून ‘हे कुठवर आलं होतं बरं’ आठवण्यात जाणारा वेळ वाचला. १० भागिले ९, जेमतेम एक दिवस. बोर्डवर हा आकडा फार गोड दिसतो.

पण फसू नका. उरलेली चोवीस तिकिटं हवेत विरली नाहीत, ती ‘नवीन’च्या रांगेत उभी आहेत. ग्राहकाचं घड्याळ त्याने मेल टाकला तेव्हापासून चालतं. त्याच्या बाजूने हिशेब केला तर एकूण तिकिटं अजून ३४ च, भागिले ९, म्हणजे पावणेचार दिवस. सरासरीत जेमतेम अर्धा दिवस वाचला. कानबान लावलं की प्रतीक्षा चौपट कमी होते असं कुणी सांगत असेल, तर त्याने बहुधा रांग मोजलेली नसते.

मग फायदा कुठे? रांगेत उभ्या असलेल्या तिकिटाचा क्रम बदलता येतो, अर्धवट उघडलेल्याचा बदलणं महाग पडतं. सकाळी अकरा वाजता आलेलं महत्त्वाचं काम बारापर्यंत मोकळ्या हातात जातं, कारण तासाभरात कुठलीतरी जागा रिकामी होतेच. आणि कोपऱ्यात कुजणारी तिकिटं कमी होतात. पूर्वी आमची शंभरातली ८५ तिकिटं नऊ दिवसांत बंद होत होती, बाकीची कधीही. तीन महिन्यांनी ती ८५ पाच दिवसांत येऊ लागली. सरासरी फारशी हलली नाही, शेपटी आखूड झाली. शिव्या खाव्या लागतात त्या शेपटीतल्या तिकिटांमुळेच.

‘ग्राहकाच्या उत्तराची वाट’ हा रकाना प्रत्येक सपोर्ट टीमला लागतो, आणि कानबान बिघडतं ते बहुतेक वेळा इथेच. मर्यादा ‘काम चालू’ला आहे, या रकान्याला नाही. मग तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात लोक शोध लावतात की ग्राहकाला एक किरकोळ प्रश्न विचारून तिकीट तिकडे ढकललं की जागा मोकळी होते. बोर्ड स्वच्छ, मर्यादा पाळलेली, आणि त्या रकान्यात २६ तिकिटं. आमच्याकडे हे झालं. ओळखायची खूण सोपी आहे: ‘बंद’ होणाऱ्यांची रोजची संख्या तशीच राहते आणि ‘वाट’ फुगत जाते.

आम्ही तीन गोष्टी केल्या. वाट पाहणाऱ्या प्रत्येक तिकिटावर परत कधी विचारायचं ती तारीख लिहायची, तारीख नसेल तर ते तिकडे जाणारच नाही. दोनदा विचारून, आठवडाभर थांबून उत्तर आलं नाही तर ग्राहकाला कळवून बंद, त्याने उत्तर दिलं की पुन्हा उघडायचं. आणि तिसरी, सगळ्यात कामाची: तिकिटाचं वय रिक्वेस्ट आलेल्या दिवसापासून मोजायचं, रकाना बदलला म्हणून शून्यावर आणायचं नाही. तिकिटांसाठी तुम्ही जिरा हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर तीन दिवसांत कुणी हात न लावलेली तिकिटं अशी दिसतील (`SUP` च्या जागी तुमच्या प्रोजेक्टचं नाव घाला):

```
project = SUP AND statusCategory = "In Progress"
AND updated <= -3d ORDER BY created ASC
```

रोज सकाळी पंधरा मिनिटं बोर्डसमोर उभं राहायचं, ते चालू ठेवा. फक्त ‘मी काल काय केलं, आज काय करणार’ असं माणसामाणसाने विचारू नका. बोर्ड उजवीकडून डावीकडे वाचा. बंद व्हायला सगळ्यात जवळ असलेलं तिकीट आधी, त्याला काय अडतंय? मग त्याच्या मागचं. माणसांकडून विचारलं की प्रत्येक जण आपण किती कामात आहोत ते सांगतो. तिकिटाकडून विचारलं की अडलेलं दिसतं.

आता तातडीच्या कामाचं. अनपेक्षित काम येणारच, पण सगळं एकाच वजनाचं नसतं. आम्ही तीन गट केले. पहिला, आत्ताच्या आत्ता: पगाराच्या दिवशी बँकेने फाईल परत पाठवली आणि चारशे कामगारांचा पगार अडला. दुसरा, तारखेचं: महिन्याच्या ७ तारखेला टीडीएस भरायचा असतो, १५ तारखेला पीएफ आणि ईएसआय. ३ तारखेला आलेलं पीएफचं तिकीट आज पेटलेलं नसतं, पण १३ तारखेपर्यंत हात लावला नाही तर पेटतं. अशा तिकिटावर शेवटची तारीख मोठ्या अक्षरात लिहून तिच्या तीन कामाचे दिवस आधी ते उचलायचं. तिसरा, नेहमीचं: जे आधी आलं ते आधी.

पहिल्या गटाला एकच जागा ठेवा. ‘आत्ताच्या आत्ता’मध्ये एका वेळी एकच तिकीट. ते आलं की ‘काम चालू’ची मर्यादा मोडायला परवानगी, जो सोडवू शकतो त्याने हातातलं ठेवून त्यावर जायचं. आमच्या विक्री विभागातल्या एका साहेबांना प्रत्येक मेलच्या विषयात ‘अर्जंट’ लिहायची सवय होती. त्यांच्याशी भांडणं करून झाली, मॅनेजरकडे तक्रारी करून झाल्या, फरक शून्य. ही एकच खुर्ची ठेवल्यावर मी त्यांना बोर्डसमोर आणलं आणि विचारलं, ‘साहेब, खुर्चीवर तुमचंच सकाळचं तिकीट बसलंय. त्याला उठवू का?’ ते दोन मिनिटं बघत राहिले, मग म्हणाले, ‘नको, हे उद्या चालेल.’ तातडी खरी किती, ते दुसरं काहीतरी उठवावं लागलं की कळतं. तोवर ‘अर्जंट’ला काहीच किंमत पडत नसते, मग सगळेच मागतात.

खुर्चीवर कुणाला बसवायचं हे त्या आठवड्याच्या ड्यूटीवाल्याने ठरवायचं, जो जास्त ओरडतो त्याने नव्हे. पाच जणांत ही ड्यूटी फिरती ठेवा, एकेक आठवडा. ड्यूटीवर असलेला माणूस फोन घेतो, नवीन तिकिटं वाचून गट लावतो, पाच मिनिटांची कामं तिथेच उरकतो आणि स्वतः मोठं काहीही हातात घेत नाही. म्हणजे उरलेल्या चौघांना सलग दोन-तीन तास मिळतात. पाचातला एक माणूस असा ‘खर्च’ करायला मॅनेजर कचरतात. त्यांना सांगा, आत्ता पाचही जण दिवसभर फोन उचलताहेत.

मॅनेजरना स्प्रिंटऐवजी काय वचन द्यायचं, हा तुमच्या प्रश्नातला न विचारलेला भाग. त्यांना वर काहीतरी दाखवावं लागतं, आणि ‘आम्ही आता स्प्रिंट करत नाही’ एवढंच सांगितलंत तर ते ऐकू येतं ‘आम्हाला आता कुणी विचारू नका’ असं. वचनाचा आकार बदला. ‘दोन आठवड्यांत ही ४२ कामं’ असं म्हणायच्या जागी ‘नेहमीच्या शंभर रिक्वेस्टपैकी ८५ इतक्या दिवसांत’ असं म्हणा. हा आकडा मनाने ठरवायचा नाही, मागच्या तिकिटांतून काढायचा. शीटमध्ये एका रकान्यात रिक्वेस्ट आल्याची तारीख, पुढच्यात बंद झाल्याची. मग:

```
D2:  =NETWORKDAYS(B2, C2)
F1:  =PERCENTILE.INC(D2:D161, 0.85)
```

पहिलं सूत्र शनिवार-रविवार वगळून दिवस मोजतं आणि त्याच दिवशी बंद झालेल्याला १ देतं. दुसरं सांगतं की ८५ टक्के तिकिटं किती दिवसांच्या आत संपली. शे-दीडशे तिकिटं पुरेत. तातडीची आणि तारखेची यातून बाजूला काढा, नाहीतर आकडा उगाच चांगला दिसेल. सरासरी मात्र सांगू नका. आमची निम्मी तिकिटं एका दिवसात बंद व्हायची आणि एखादं सतरा दिवस चालायचं. या दोघांची सरासरी काढून आलेला आकडा दोघांपैकी एकाही ग्राहकाच्या अनुभवाशी जुळत नाही. पंधरा टक्के चुकणार हे आधीच सांगितलेलं असलं की चुकल्यावर बोलणं वेगळं होतं: हे त्या पंधरातलं आहे का, की काही बिघडलंय?

दोन ठिकाणी कानबानसुद्धा काही करू शकत नाही. पहिलं म्हणजे मनुष्यबळ. रोज नऊ बंद होतात आणि रोज साडेनऊ येतात, तर महिन्याच्या २२ कामाच्या दिवसांत रांग ११ ने वाढणार. बोर्ड कितीही नीट चालवा. उलट त्याआधीच त्रास सुरू होतो. एकाच खिडकीच्या रांगेचं साधं गणित घेतलं तर खिडकी ८० टक्के वेळ व्यस्त असताना रांगेतला थांबण्याचा वेळ एका कामाच्या वेळेच्या चौपट असतो, ९० टक्क्यांना नऊपट, ९५ ला एकोणीसपट. पाच माणसांच्या टीमचे आकडे वेगळे असतात, वळण हेच असतं. सुट्टीवर एक जण गेला की सगळं कोलमडतं ते यामुळे. मॅनेजर सगळ्यांना शंभर टक्के ‘भरून’ ठेवायला बघत असतील तर त्यांना हे आकडे दाखवा. कानबानचा उपयोग एवढाच की आलेली आणि बंद झालेली अशा दोन रेघा आठवड्याच्या आठवड्याला काढता येतात, आणि माणूस मागताना ‘आम्ही फार दमतो’ याऐवजी त्या रेघांमधलं अंतर दाखवता येतं.

दुसरं, पुन्हा पुन्हा येणारं तेच काम. रांग पुढे सरकवण्यात टीम इतकी तरबेज होते की ती रांग लागतेच कशाला हे विचारायचं राहून जातं. महाराष्ट्रात व्यवसाय कर दरमहा २०० रुपये कापतात आणि फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाचे अडीच हजार होतात. दर वर्षी फेब्रुवारीचा पगार झाला की आमच्याकडे ‘शंभर रुपये जास्त कापले’ची तिकिटं यायची. प्रत्येकाला पाच-सात मिनिटं, नम्र उत्तर, बंद. बोर्डवर छान दिसायचं, पटापट बंद होणारी तिकिटं! एके वर्षी कुणीतरी पगाराच्या चिठ्ठीवर त्या ओळीखाली एक वाक्य छापायला लावलं आणि ती तिकिटं जवळपास थांबली. ते वाक्य छापण्याचं काम मात्र आठ महिने रांगेत पडून होतं, कारण ते कुणाच्याच दृष्टीने तातडीचं नव्हतं. म्हणून ‘काम चालू’च्या सात जागांतली एक अशा कामासाठी राखून ठेवा आणि ती तातडीच्या कामाला देऊ नका. महिन्याच्या २५ पासून पुढच्या ७ पर्यंत आम्ही ती सोडून द्यायचो, कारण पगाराचे दिवस. उरलेल्या अडीच आठवड्यांत पाळायचो.

स्क्रममधलं काय ठेवायचं? दोन आठवड्यांनी होणारं रेट्रो, म्हणजे मागे वळून काय बदलायचं ते बघायची मीटिंग, ठेवा, किंबहुना तेच सगळ्यात आधी वाचवा. कानबानमध्ये स्प्रिंटची शेवटची तारीख नसते, त्यामुळे ‘थांबून बघू’ म्हणायला आपोआप निमित्त मिळत नाही आणि सहा महिने मर्यादेच्या आकड्याकडे कुणी बघतच नाही. कॅलेंडरमधली ती मीटिंग तशीच राहू द्या, फक्त तिच्यात वरचे तीन आकडे ठेवा: ८५ टक्क्यांचे दिवस, आलेली विरुद्ध बंद झालेली, आणि सगळ्यात जुनं उघडं तिकीट किती दिवसांचं आहे. स्टोरी पॉइंट सोडा. तिकीट दोन दिवसांत संपणार नाही असं वाटलं तर तोडा, एवढा अंदाज पुरतो.

तुमच्या पाचांपैकी दोघांकडे ठरलेलं, महिन्या-दोन महिन्यांचं काम असेल, समजा ग्राहकांसाठी नवं पोर्टल बांधताय, तर त्या दोघांनी स्प्रिंट करायला हरकत नाही. तिथे ध्येय असतं आणि ते दोन आठवडे टिकतं. पण मग त्या दोघांना सपोर्टच्या ड्यूटीतून खरंच मोकळं ठेवावं लागतं, आणि मागे तिघंच उरतात. तिघांना रोजचा ओघ पेलवतो का हे आलेली-बंद झालेलीच्या रेघांत आधी बघा. ‘दोघं अर्धा दिवस पोर्टल, अर्धा दिवस सपोर्ट’ ही तडजोड आम्ही केली होती. दुपारी दोननंतर पोर्टल, असं ठरलं होतं. तिसऱ्या आठवड्यापासून दुपारचे दोन वाजायचेच बंद झाले.

मॅनेजरना हे सांगताना ‘स्क्रम बंद’ असा शब्द काढू नका. आहे तो बोर्ड, आहे ती सकाळची भेट, आहे ते रेट्रो ठेवून पहिल्या सोमवारी फक्त दोन गोष्टी करा: ‘काम चालू’वर आत्ता आहेत त्याच्या निम्म्या तिकिटांचा आकडा लिहा, आणि तातडीची एक जागा आखा. सहा आठवडे मागा. पहिल्या दोन आठवड्यांत रांग लांब झाल्यासारखी दिसेल, कारण आत्तापर्यंत लोकांच्या नावांमागे लपलेली तिकिटं बाहेर येऊन उभी राहतील. हे त्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर दुसऱ्याच शुक्रवारी प्रयोग गुंडाळला जातो.